'रोझे'चा 'माझे' झाला! आवाज देणाऱ्याला अवघड नावांचे उच्चार लिहून कसे द्यायचे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

दिंडोरी रस्त्यावरच्या एका छोट्या वायनरीसाठी मी मराठी ऑडिओ गाइडची संहिता लिहिली. पाहुणा कानात हेडफोन घालून बागेतून फिरतो, पाटीवरचा आकडा दाबतो आणि त्या जागेची माहिती ऐकतो. एकूण १४ थांबे, सगळं मिळून २२ मिनिटं. आवाज पुण्याच्या एका ताईंचा. आवाज सुरेख आहे, वाचन स्वच्छ आहे, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार माझ्याबद्दलच आहे. द्राक्षांची नावं मी इंग्रजी लिपीत ठेवली आणि पुढे कंसात देवनागरीत उच्चार लिहिला. वाटलं, झालं काम. रेकॉर्डिंग ऐकून मालकांनी ११ जागा लाल केल्या. 'ब्लां'चा कुठे 'ब्लांक', कुठे 'ब्लान'. 'व्ह्योन्ये' वाचताना ताई तीनदा अडखळल्या आणि शेवटी 'व्हिओग्नियर' म्हणून मोकळ्या झाल्या. सगळ्यात वाईट 'रोझे'चं, त्या गुलाबी वाइनचं. मी 'रोझे' असंच लिहिलं होतं आणि त्यांनीही तसंच वाचलं, पण 'माझे पुस्तक' मधल्या 'माझे'सारखं. वाचणारीचं काहीच चुकलं नाही! मराठीत ते तसंच वाचलं जातं.

पुढच्या बुधवारी पुन्हा रेकॉर्डिंग आहे. स्टुडिओचे पैसे या वेळी माझ्या खिशातून जाणार. संहितेत उच्चार लिहून देण्याची नीट पद्धत कुणी वापरली आहे का?

---

राजाभाऊ

सोपं आहे. फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन बोलायचंच नाही. मेर्लो, पिनो, कॅबर्ने. एवढा एक नियम पहिल्या पानावर लिहून द्या, ताई हुशार असतील तर बाकीचं आपोआप येईल.

---

अक्षरजुळणी

पाट्यांवर 'वाइन' ऱ्हस्व की दीर्घ, यावर आधीच एक धागा झाला आहे. 'शिराझ'ला झ वापरावा की ज, याचीही तिथे बरीच चर्चा आहे. माझं मत: पाटीवर ज. वाचणाऱ्याला सोपं जातं.

---

गोदाकाठ

@अक्षरजुळणी, पाट्यांचा प्रश्न नाही हो. हा कागद पाहुणा बघणारच नाही, फक्त आवाज देणारी व्यक्ती बघणार. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, तोंडातून बरोबर यायला हवं.

---

बोंजूर नाशिक

मी कॉलेज रोडला फ्रेंच शिकवते, म्हणून राजाभाऊंच्या नियमाबद्दल थोडं बोलते. नियम अर्धा खरा आहे, आणि गंडवतो तो नेमका अर्धा खरा नियमच.

मेर्लोतला शेवटचा टी गप्प असतो, बरोबर. पण स्पार्कलिंगच्या बाटलीवर जो 'ब्रूत' असतो त्यातला टी बोलायचा असतो. वर्गात आम्ही सांगतो की शेवटचे सी, आर, एफ, एल बहुतेक वेळा बोलतात, आणि 'माल्बेक'चा सी बोलतातही. मग 'ब्लां'चा सी? तो गप्प. 'व्हिओन्ये'च्या शेवटी आर आहे, तोही गप्प. म्हणजे तुमच्या एका संहितेतच नियम तीनदा मोडला. आवाज देणाऱ्या बाईंना नियम देऊन काय उपयोग? माइकसमोर त्या फ्रेंचचं व्याकरण सोडवत बसणार नाहीत. त्यांना फक्त शब्द द्या.

आणि तुमच्याकडे सगळं फ्रेंच आहे असंही नाही. तेम्प्रानीयो स्पॅनिश आहे, त्यात दोन एल मिळून य होतो. रीस्लिंग जर्मन आहे, त्याला लोक उगीच 'राइसलिंग' करतात.

---

राजाभाऊ

ब्रूतचं माहीत नव्हतं. पण मी तर आयुष्यभर 'ब्रू' म्हणत आलो, कुणी टोकलं नाही :)

---

निफाडचा पाटील

आमच्याकडे चार एकर शेनिन होती. आम्ही 'शेनिन'च म्हणायचो, वायनरीचा माणूसही 'शेनिन'च म्हणायचा, वजनकाट्यावर 'शेनिन' म्हणूनच पावती फाटायची. फ्रेंच लोक त्याला काय म्हणतात ते आम्हाला दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. आता तुम्ही सांगा, बरोबर कोण?

---

बोंजूर नाशिक

पाटीलसाहेब, फ्रेंच माणूस 'शनँ' म्हणतो. इंग्रज 'शेनिन' म्हणतो आणि जगभर तेही चालतं. दोन्ही बरोबरच, फक्त एकाच गाइडमध्ये दोन्ही नकोत.

---

जुना माइक

३० वर्षं आकाशवाणीवर बातम्या आणि निवेदन केलं, आता निवृत्त. हा प्रश्न फार जुना आहे. बीबीसीने उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली ती १९२६ साली, म्हणजे नभोवाणी पाळण्यात असल्यापासून माणसं यावर डोकं फोडताहेत. आमच्याकडे समिती नव्हती, एक जाड वही होती.

आधी तुमची 'रोझे'ची भानगड सोडवू, कारण दुखण्याचं मूळ तिथेच आहे. देवनागरी जशी लिहितो तशी वाचतो हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. मराठीपुरतं ते खरं नाही. च, ज, झ या तीन अक्षरांना प्रत्येकी दोन आवाज आहेत. 'चोर'मधला च आणि 'चिंच'मधला च वेगळा. 'माझा'मधला झ दातांमागून घासत येतो, 'माझे'मधला टाळूवर जातो. कुठला आवाज काढायचा ते आपण पुढच्या स्वरावरून न कळत ठरवतो: पुढे इ किंवा ए आला की जीभ आपोआप टाळूकडे जाते. ओळखीच्या शब्दांत याने काही बिघडत नाही, कारण शब्द आपल्याला आधीच ठाऊक असतो. अनोळखी शब्दात मात्र वाचणारा सवयीने जाणार. 'रोझे'त झ च्या पुढे ए आहे, म्हणून तुमच्या ताई टाळूवर गेल्या. 'झिन्फांडेल'मध्येही हेच होणार, बघा. 'शिराझ'ला होणार नाही, कारण तिथे पुढे स्वरच नाही.

याच्या उलटही होतं. १९८५ साली गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. रशियन उच्चार 'गर्बाचॉफ'च्या जवळचा, आणि जोर शेवटच्या तुकड्यावर. एका उत्साही सहकाऱ्याने बुलेटिनमध्ये 'गर्बाचॉफ' लिहून दिलं. निवेदकाने 'चॉ' वाचला तो 'चोर'मधला. ऐकायला ते नाव मूळ रशियनपासूनही दूर आणि वर्तमानपत्रातल्या 'गोर्बाचेव्ह'पासूनही. मग वहीत आम्ही 'गर्बाच्यॉफ' लिहिलं. च ला य जोडला की मराठी जीभ टाळूवर जातेच, 'घराच्या'मधल्यासारखी. अशुद्ध दिसतं, पण वाचताना चुकत नाही.

टाळूवर न्यायचं असेल तर य जोडून भागतं. टाळूवरून खाली आणायला मात्र देवनागरीत असं सोपं अक्षर नाही. नुक्ता आहे, झ च्या खाली टिंब. शब्दकोशवाले वापरतात. छापील कागदावर, स्टुडिओच्या मंद दिव्यात ते टिंब डागासारखं दिसतं.

---

गोदाकाठ

काका, हे वाचून डोक्यात दिवा लागला. म्हणजे 'रोझे'ला काय लिहू? 'झेरॉक्समधला झ' असं समासात लिहिलं तर?

---

निफाडचा पाटील

आमच्याकडे झेरॉक्सही झेंड्यातलाच असतो :D तालुक्याला जाऊन ऐका.

---

जुना माइक

पाटलांनी हसता हसता मुद्दा पकडला. ओळखीच्या शब्दाचा आधार द्यायचा तर तो शब्द सगळ्यांच्या तोंडी एकसारखा हवा. झेरॉक्स तसा नाही. 'माझा' आहे. म्हणून मी असं लिहीन: *'माझा' म्हणा, फक्त शेवटी आ ऐवजी ए.* माणूस 'मा-झा', 'मा-झे' करत जिभेची जागा शोधतो, एकदा सापडली की सुटत नाही. हे वाक्य ओळीत लिहायचं नाही, समासात. नाहीतर तेही वाचून टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

---

आवाज पुण्याचा

मी या धाग्यातल्या ताई नव्हे :) पण हेच काम करतो, जाहिराती आणि ऑडिओबुकं. कागदाच्या पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

एक, कंस. आपण मोठ्याने वाचतो तेव्हा डोळे तोंडाच्या दोन-चार शब्द पुढे पळत असतात. तुम्ही आधी इंग्रजी नाव आणि मग कंसात उच्चार दिलात, तर डोळा आधी इंग्रजीवर पडतो, जीभ त्याच्या तयारीला लागते, आणि मग कंस येतो. तोवर 'ब्लांक'चा क तोंडात आलेला असतो. म्हणून ओळीत फक्त उच्चार हवा. मूळ नाव पाहिजे तर समासात बारीक अक्षरात, माझ्या समाधानासाठी.

दोन, तोडलेले शब्द. लोक प्रेमाने सो-व्हि-न्यों असं लिहून देतात. प्रत्येक रेघेला मी किंचित थांबतो, आणि तिन्ही तुकड्यांना सारखं वजन देतो. ऐकायला शाळेतल्या हजेरीसारखं. रेघ फक्त तिथेच द्या जिथे नाहीतर चुकेल. तुमचं 'व्ह्योन्ये' हे त्याचं उदाहरण: दोन जोडाक्षरांचा गठ्ठा पाहून कुणीही गडबडेल. तिथे 'व्हिओन्-ये' द्या. न् चा पाय मोडलेला दिसला की मी 'व्हिओनये' वाचत नाही.

आणि कृपा करून घशातला फ्रेंच र मागू नका. तो दिला तर वाक्यात एकच शब्द टोपी घालून आल्यासारखा वाटतो. मराठी र पुरे.

---

बोंजूर नाशिक

र बद्दल पूर्ण सहमत. ब्रूतमधल्या 'उ'चंही तेच. तो स्वर आपल्याकडे नाहीच, त्यामुळे लिहूनही उपयोग नाही. 'ब्रूत' म्हणा आणि पुढे चला.

पण नाकातले स्वर मात्र सोडू नका, ते मराठी माणसाला चांगले जमतात. फक्त लिहायचे कसे हा घोळ आहे. अनुस्वार म्हटलं की आपल्या मनात म्, न् किंवा ङ् येतो. 'ब्लां' लिहिलं की एकाला 'ब्लान' वाटतं, दुसऱ्याला 'ब्लाम'. गोदाकाठ यांच्या रेकॉर्डिंगमध्ये 'ब्लान' आलं ते याचमुळे.

---

गोदाकाठ

बरोबर! आणि 'शनँ'ला त्यांनी चंद्रबिंदू हिंदीसारखी वाचली. शेवटी साधा 'अ' नाकातून. 'शनॅ' व्हायला हवं होतं ना?

---

जुना माइक

हा घोळ मजेदार आहे. मराठीत 'बँक' लिहितो तेव्हा त्या खुणेत ॲ आणि अनुस्वार दोन्ही असतात. हिंदीत तीच खूण 'हँसना' मध्ये येते, तिथे फक्त नाकातला अ. आवाजाचं काम करणारी बहुतेक माणसं दोन्ही भाषा वाचतात. सकाळी हिंदी जाहिरात केली असेल तर दुपारी तुमचा 'शनँ' हिंदीच होणार. म्हणून चंद्र आणि टिंब वेगळं करून 'शनॅं' असं टाइप करा. ते टाइप केलं तरी काही फॉन्ट दोन्ही एकत्र करून टाकतात, त्यामुळे खूण एवढ्यावर सोडू नका. आधाराचा शब्द द्याच.

नाकातल्या स्वरांना माझे आधार असे होते:

ब्लां: 'हां, बरोबर' मधला हां. त्यात कुणी न् किंवा म् म्हणत नाही.

सोव्हिन्यों: हिंदी 'क्यों' मधला शेवट.

शनॅं: 'हॅं, त्यात काय एवढं!' मधला हॅं.

हे तिन्ही शब्द माणूस रोज नाकातूनच बोलतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

---

बोंजूर नाशिक

काका, हे मी उद्या वर्गात वापरणार. १५ वर्षं नाक दाबून दाखवते आहे मी!

---

राजाभाऊ

एवढं करण्यापेक्षा वायनरीच्या कुणाला तरी बोलायला लावून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला तर? कागदाची कटकटच नको.

---

आवाज पुण्याचा

पाठवाच, मदत होते. पण त्याने कागद सुटत नाही. सकाळी १४ नावं ऐकली तरी दुपारी नवव्या थांब्यावर पोहोचेपर्यंत मला तिसरं नाव आठवत नाही, आणि लाल दिवा लागल्यावर फोन काढता येत नाही. आवाज ऐकून मी जीभ लावून घेतो, कागद पाहून मला ती आठवते. शिवाय पाठवणारा कोण? मागे एका कामात मालकांनी, त्यांच्या मुलाने आणि मार्केटिंगच्या बाईंनी असे तीन वेगवेगळे उच्चार पाठवले होते. कुठला घ्यायचा ते मी कसं ठरवणार?

---

जुना माइक

नेमकं. म्हणून उच्चार लिहायला बसण्याआधीच एक यादी करून मालकांची सही घ्या. फ्रेंच ढंग की इंग्रजी ढंग? शार्दोने की शार्डने? इथे देवनागरी आपल्या बाजूने आहे. इंग्रजी लिपीला त आणि ट मधला फरक दाखवता येत नाही, आपल्याला येतो. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन नावांत त आणि द लिहा, ते त्या भाषांच्या जवळ जातं. इंग्रजी ढंग ठरला तर ट आणि ड. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. अर्धी नावं पॅरिसची आणि अर्धी लंडनची झाली की कानाला खटकतं, जरी ऐकणाऱ्याला का ते सांगता आलं नाही.

शिराझ आणि सिरा ही एकाच द्राक्षाची दोन नावं आहेत हेही त्याच यादीत लिहा. ते उच्चाराचे दोन प्रकार नव्हेत. नाहीतर कुणीतरी हौसेने 'दुरुस्त' करेल.

---

गोदाकाठ

आज दिवसभर बसून नवा कागद केला. थांबा क्र. ५ खाली देते. आधी हे होतं, इंग्रजी लिपीतली नावं इथे देवनागरीत लिहून:

> या उतारावर शेनिन ब्लांक (शनँ ब्लां) आणि सोव्हिग्नॉन ब्लांक (सो-व्हि-न्यों ब्लां) शेजारी शेजारी आहेत. पलीकडच्या शिराझपासून रोझे (रोझे) तयार होते.

आता हे केलंय. मधे ओळ, समासात आधार:

> या उतारावर शनॅं ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां शेजारी शेजारी आहेत. पलीकडच्या शिराझपासून रोझे तयार होते.
>
> समास: शनॅं = 'हॅं, त्यात काय'. ब्लां = 'हां, बरोबर'. न्यों = हिंदी 'क्यों'. रोझे = 'माझा' म्हणा, शेवटी ए.

अवघड नाव ठळक केलंय म्हणजे डोळ्याला लांबूनच दिसेल. एकच नाव पुन्हा आलं तरी प्रत्येक वेळी तसंच लिहिलंय, 'वरीलप्रमाणे' कुठेही नाही. कसं वाटतं?

---

आवाज पुण्याचा

छान. एक बदल सुचवतो. ठळक अक्षर दिसलं की मी नकळत त्या शब्दावर जोर देतो. पाच थांब्यांनंतर तुमचं गाइड प्रत्येक द्राक्षाची जाहिरात केल्यासारखं ऐकू येईल. ठळक करण्याऐवजी खाली बारीक ठिपक्यांची रेघ द्या. दिसेल, पण जोर येणार नाही.

आणि 'शनॅं ब्लां' वेगात म्हणून बघा. 'शनॅम्ब्लां' होतं. अनुस्वारापुढे ब आला की मराठी तोंड म् करतंच, 'आंबा'सारखं. मधे दुप्पट जागा सोडा आणि समासात लिहा: *दोन शब्द, मधे ओठ मिटायचे नाहीत.*

---

गोदाकाठ

अरे हो! आत्ता चार वेळा म्हणून बघितलं, चारही वेळा ओठ मिटले.

---

जुना माइक

आता शेवटचं काम, आणि हे चुकवू नका. हा कागद तुम्ही स्वतः वाचून तपासू नका. तुम्हाला उच्चार ठाऊक आहे, तुम्ही काहीही लिहिलं तरी बरोबरच वाचणार. ज्याने ही नावं कधी ऐकलेली नाहीत अशा माणसाला द्या, आधी काही सांगू नका, एकदाच वाचायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. तो जिथे चुकेल ती चूक कागदाची. दोन माणसं पुरतात, पण दोघं एकमेकांना ऐकणार नाहीत असं बघा.

---

गोदाकाठ

केलं. एक बारावीतला भाचा आणि एक आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक मॅनेजर.

भाच्याने 'ब्लां', 'रोझे', 'सोव्हिन्यों' पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं. मॅनेजर काकांनी 'रोझे'ला पुन्हा झेंडा फडकवला, कारण त्यांनी समास वाचलाच नाही. म्हणाले, 'समासात असतं ते माझ्यासाठी नसतं, ऑडिटरसाठी असतं.' त्यावर हसले, पण मग समास डावीकडे आणला, ओळीच्या आधी. आता डोळा आधी तिथे जातो.

दोघांनीही एक चूक सारखी केली. 'तेम्प्रानीयो'. दोघांनी 'नी' लांब ओढून 'यो' वेगळा हाक मारल्यासारखा म्हटला, 'यो!' म्हणून आता 'तेम्प्रानियो' लिहिलं, दीर्घ काढून टाकला. पुन्हा वाचायला दिलं तर सरळ आलं.

---

बोंजूर नाशिक

स्पॅनिशमध्ये तिथे 'नी'वर जोर असतो, त्यामुळे दीर्घ लिहिणं चूक नव्हतं. पण 'यो!' ऐकण्यापेक्षा ऱ्हस्व परवडला. तडजोड म्हणून मान्य.

---

अक्षरजुळणी

मला आता प्रश्न कळला. पण मग एक विचारतो: परदेशी नावांचा एवढा घाट घातलात, गावांच्या नावांचं काय? ताई पुण्याच्या आहेत. 'ओझर'मधला झ त्यांना कुठला वाटेल?

---

गोदाकाठ

तो आपोआप 'माझा'तला येतो, पुढे अ आहे ना. पण तुमचं बरोबर आहे, मी गावांची नावं तपासलीच नव्हती. उद्या वायनरीच्या ड्रायव्हरदादांकडून वाचून घेते, त्यांना तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीचं नाव तोंडपाठ आहे.

---

गोदाकाठ

बुधवार झाला. रेकॉर्डिंग दोन तासांत संपलं, मागच्या वेळी साडेचार लागले होते. ताई 'हॅं, त्यात काय एवढं' करत करत 'शनॅं' म्हणत होत्या, स्टुडिओतला मुलगा काचेआड हसत होता. ११ पैकी १० जागा सुधारल्या. उरलेली एक 'रीस्लिंग'. तिथे त्यांनी 'स्लि'वर असा जोर दिला की 'स्लिपिंग' ऐकू येतं. मालक म्हणाले राहू द्या.

पण एक नवंच निघालं. थांबा क्र. ८ वर पाटीलसाहेबांसारख्याच एका शेतकऱ्याची मुलाखत आहे, त्यांच्याच आवाजात. ते सरळ 'शेनिन' म्हणतात. आधी निवेदनात 'शनॅं', मग मुलाखतीत 'शेनिन', मग परत 'शनॅं'. वायनरीतल्या एका मुलीने ऐकून विचारलं, ही दोन वेगळी द्राक्षं का?

---

निफाडचा पाटील

शेतकऱ्याला बदलायला सांगू नका. तो जे म्हणतो तेच पावतीवर आहे.

---

जुना माइक

शेतकऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही हे नक्कीच. निवेदनात पहिल्यांदा नाव येतं तिथे अर्धं वाक्य वाढवा: 'शनॅं ब्लां, इथले शेतकरी ज्याला नुसतं शेनिन म्हणतात'. मग पुढे तो माणूस बोलला की ऐकणाऱ्याला ओळख पटते.

---

बोंजूर नाशिक

किंवा उलट. मराठी गाइड आहे, नाशिकची बाग आहे, मग निवेदनातच 'शेनिन' का नको? फ्रेंच शिकवणारी असून मी हे म्हणते आहे याची नोंद घ्या.

---

गोदाकाठ

मालकांना दोन्ही पर्याय पाठवलेत. त्यांचा फोन आला होता. म्हणाले विचार करतो, पण आधी सांगा, इंग्रजी गाइडमध्ये आवाज देणारा 'दिंडोरी'ला 'डिंडोरी' म्हणतोय, त्याला इंग्रजीत कसं लिहून द्यायचं?